सॉसच्या बाटल्यांचं हृदय

डिसेंबर लागला की आमच्या शाळेत फळ्यावर खडू कमी आणि पताका जास्त दिसायच्या. गॅदरिंग जवळ आलेलं असायचं. नाच बसवणाऱ्यांचा गट वेगळा, फिशपाँड लिहिणाऱ्यांचा वेगळा (ही मंडळी फार मिजाशीत असायची), आणि ज्यांना नाचता येत नाही आणि ज्यांचं अक्षरही बरं नाही, अशी आमच्यासारखी पोरं विज्ञान प्रदर्शनात. तळमजल्यावरचे तीन वर्ग रिकामे करून बाकं भिंतीला लावायची, वर पांढरी चादर टाकायची, की झालं प्रदर्शन. ज्वालामुखी दरवर्षी असायचा. पवनचक्की असायची. आणि थर्माकोलचं एक हृदय असायचं, लाल-निळं रंगवलेलं, ज्यातून काहीही वाहायचं नाही.

त्या थर्माकोलच्या हृदयाचा आमच्या शास्त्राच्या बाईंना मनापासून कंटाळा होता. नववीत असताना त्यांनी आम्हा चौघांना बोलावून सांगितलं, "हृदय करायचं असेल तर पाणी फिरलं पाहिजे. नाहीतर रांगोळीत नाव द्या."

सामान कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतून आणि आसपासच्या दुकानांतून गोळा झालं. भेळेच्या गाडीवर असतात तसल्या सॉसच्या दोन मऊ बाटल्या, ही दोन निलयं, म्हणजे रक्त बाहेर ढकलणारे हृदयाचे खालचे कप्पे. पाण्याची पातळ बाटली इथे चालत नाही. ती दाबली की चेपते आणि चेपलेलीच राहते. सॉसची बाटली हात सोडताच फुगून पूर्ववत होते आणि फुगताना वरचं पाणी आत ओढून घेते. दोन मोठ्या बाटल्यांचे तळ कापून त्या उलट्या टांगल्या, ही दोन अलिंदं, म्हणजे रक्त येऊन पडतं ते वरचे कप्पे. शिवाय मेडिकलमधून नव्या कोऱ्या सलाईनच्या नळ्या, दोन सिरिंजा, रबरी हातमोज्यांचा एक जोड, आणि एम-सील. स्टँड एकाच्या काकांनी प्लायच्या तुकड्यांतून ठोकून दिला.

बहुतेक मुलं चित्रात रक्त निलयात वरून घालतात आणि खालून बाहेर काढतात. खरं हृदय तसं नसतं. चारही झडपा साधारण एकाच पातळीत, निलयांच्या वरच्या बाजूला असतात. रक्त वरूनच आत येतं आणि वरूनच बाहेर जातं. म्हणून बाईंनी सॉसच्या बाटलीच्या झाकणालाच दोन भोकं पाडायला लावली, एक येण्याचं, एक जाण्याचं. खिळा तापवून भोकं पाडली, नळ्या बसवल्या, भोवती एम-सील दाबून रात्रभर सुकू दिलं.

आता झडप. हातमोज्याच्या बोटाचं टोक कापायचं, ती पुंगळी नळीच्या तोंडावर चढवून दोऱ्याने घट्ट बांधायची आणि पुढचं तोंड चपटं मोकळं सोडायचं. नळीतून पाणी आलं की चपटे ओठ उघडतात. बाहेरून दाब आला की ओठ एकमेकांवर बसतात आणि वाट बंद होते. येणाऱ्या नळीवरची झडप बाटलीच्या आत लोंबते. जाणाऱ्या नळीची झडप सिरिंजच्या नळकांड्यात बसवायची, कारण झडप नेहमी पाणी जिथे पोचतं त्या बाजूला हवी, नाहीतर तिच्यावर बाहेरून दाब येणार कुठून?

पहिल्या दिवशी पाणी भरलं आणि जोरात वाहायला लागलं. सगळे खूश. बाईंनी विचारलं, "कोण दाबतंय?" कोणीच दाबत नव्हतं. बाहेर जाणाऱ्या नळीचं तोंड अलिंदातल्या पाण्याच्या पातळीखाली होतं, त्यामुळे पाणी आपल्या वजनानेच उतरत होतं. नळीचं तोंड त्या पातळीच्या वर चढवलं की असलं फुकटचं वाहणं थांबतं आणि मग प्रत्येक थेंब दाबून वर चढवावा लागतो. कार्यकारी प्रतिकृती म्हणून मांडलेल्या किती हृदयांत नुसता उतार काम करत असतो, हे मी नंतर अनेक प्रदर्शनांत पाहिलं. हात बाजूला घ्यायला सांगायचं, लगेच कळतं.

नळी वर चढवल्यावर खरी पंचाईत समोर आली. बाटली दाबली की थोडं पाणी पुढे जाई आणि थोडं परत अलिंदात चढे. "आरं, हे माघारी येतंय की!" असं कोणीतरी ओरडलं. अलिंदाच्या बाटलीवर पेनने रेघ मारून ठेवली होती. दाबताना पातळी रेघेच्या वर गेली की समजायचं, झडप गळते. बाटलीत टॉर्च मारून पाहिलं तर दाबाच्या जोराने रबराची पुंगळी उलटी होऊन नळीतच शिरत होती, बाही उलटी व्हावी तशी.

बाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी डब्यातून बकऱ्याचं हृदय घेऊन आल्या. मटणवाल्याने त्यांना विचारलं होतं म्हणे, "काय ओ बाई, पोरांना रस्सा करून घालतायसा काय?" प्रयोगशाळेच्या ट्रेमध्ये त्यांनी ब्लेडने डावं निलय उभं चिरलं आणि बोटांनी उघडून धरलं. आत झडपेचे पातळ, पांढरट पडदे होते. त्यांच्या कडांपासून पांढरे दोरे निघालेले, आणि ते खाली निलयाच्या भिंतीतून वर आलेल्या मांसल उंचवट्यांना बांधलेले. बाईंनी चिमट्याने एक दोरा ओढला. तुटला नाही. निलय आवळतं तेव्हा हे दोरे पडद्याच्या कडा धरून ठेवतात, म्हणून पडदा वरच्या अलिंदात उलटत नाही. शिवाय ते उंचवटे स्नायूंचे असल्यामुळे तेही त्याच वेळी आकसतात आणि दोऱ्याचा ढिलेपणा काढून घेतात.

आमच्या झडपेला मग दोरे आले. सायकलचा स्पोक झाकणातून आत उभा घातला आणि रबराच्या दोन्ही ओठांपासून शिलाईचे दोरे त्याच्या खालच्या टोकाला बांधले. दोरा फार ताणला तर ओठ मिटत नाहीत, ढिला ठेवला तर पुंगळी पुन्हा उलटते. आमचा स्पोक काही आकसणारा नव्हता, त्यामुळे लांबी जुळवण्यातच बराच वेळ गेला. शेवटी दाबताना पाणी रेघेवरच राहिलं.

सिरिंजमधल्या झडपांना दोरे लागले नाहीत, कारण आम्ही त्या पुंगळ्या आखूड ठेवल्या होत्या. खऱ्या हृदयातही महाधमनीच्या आणि फुप्फुस धमनीच्या तोंडाशी असलेल्या अर्धचंद्राकृती झडपांना दोरे नसतात, पण तिथलं कारण निराळं. त्या खिशांसारख्या असतात. माघारी येणारं रक्त त्यांच्यात भरतं आणि तीन खिसे फुगून एकमेकांना टेकतात.

तक्ता मात्र एका संध्याकाळी झाला. बाईंनी त्यात दोनच गोष्टी तपासल्या. तक्त्यावर हृदयाची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते, कारण आपण समोरच्या माणसाच्या छातीकडे बघत असतो. आणि डाव्या निलयाची भिंत उजव्यापेक्षा ठळकपणे जाड काढलेली हवी. उजव्याला शेजारच्या फुप्फुसापर्यंतच रक्त ढकलायचं असतं, डाव्याला डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत. जिलेबीचा लाल रंग आम्ही दोन्ही बाजूंना घातला. निळी शाई घातली असती तर थोड्या वेळात सगळंच जांभळं झालं असतं, आणि तसंही शिरेतलं रक्त निळं नसतं, गडद लाल असतं. तक्त्यावर निळा रंग केवळ ओळखू यावं म्हणून होता, आणि फुप्फुस धमनी धमनी असूनही निळी का, हे सांगायला आमच्यातला एक कायम तिथे उभा असायचा.

प्रदर्शनाच्या दिवशी दोन्ही बाटल्या एकाच वेळी दाबायच्या होत्या, कारण दोन्ही निलयं एकत्रच आवळतात. डाव्याचं पाणी 'शरीर' लिहिलेल्या नळीच्या वेटोळ्यातून उजव्या अलिंदात पडायचं, उजव्याचं 'फुप्फुस' लिहिलेल्या वेटोळ्यातून डाव्या अलिंदात. मोजपात्रात धरलं तर एका दाबाला साधारण 40 मिलि पाणी यायचं. मोठ्या माणसाचं हृदय विश्रांतीत एका ठोक्याला सुमारे 70 मिलि रक्त ढकलतं, मिनिटाला साधारण 5 लिटर. घड्याळ लावून मिनिटाला सत्तर वेळा बाटल्या दाबून बघा, असं आम्ही येणाऱ्यांना सांगायचो. तालमीत जाणारी दांडगी पोरं पैज लावून यायची आणि थोड्या वेळाने मनगट चोळत निघून जायची.

दुपारी एका मुलीची आई आली. बराच वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या व्हॉल्वचं ऑपरेशन झालंय. डॉक्टर म्हणाले होते गळती आहे. गळती हृदयात, आणि धाप लागायची मला जिना चढताना. ते कसं काय?"

आम्ही बाईंकडे पाहिलं. बाईंनी डाव्या बाटलीचं झाकण उघडून आतल्या झडपेचा एक दोरा सोडला, झाकण लावलं आणि म्हणाल्या, "दाबा." पुंगळी उलटली. प्रत्येक दाबाला थोडं पाणी महाधमनीकडे जायच्या ऐवजी डाव्या अलिंदात परत जायला लागलं. उजवी बाजू धडधाकट होती, ती आपला पूर्ण वाटा पाठवतच होती. काही दाबांतच डाव्या अलिंदातली पातळी रेघ सोडून वर चढली आणि उजव्या अलिंदातली खाली गेली.

बाईंनी 'फुप्फुस' लिहिलेल्या नळीवर बोट ठेवलं. "डाव्या अलिंदात तुंबलं की त्याच्या मागे कोण? फुप्फुस. आपल्या मॉडेलमध्ये मध्ये हवेची फट आहे म्हणून नळीत तुंबलेलं दिसत नाही. शरीरात फट नसते, दाब सरळ मागे फुप्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्यांपर्यंत जातो. मग त्यांच्यातलं पाणी बाहेर झिरपायला लागतं आणि धाप लागते."

त्या बाई म्हणाल्या, लहानपणी त्यांचे सांधे सुजायचे, एक बरा झाला की दुसरा. आमच्या बाईंनी मान हलवली. घशाच्या एका जिवाणूजन्य संसर्गावर वेळेत उपचार झाले नाहीत तर काही मुलांना काही आठवड्यांनी असा सांध्यांचा ताप येतो. सांधे बरे होतात, पण काहींच्या झडपा आक्रसतात आणि त्रास कधी कधी वीस वर्षांनी दिसतो. आजही घसा दुखतोय म्हणून कोणी शाळकरी पोर डॉक्टरांकडे नेलं आणि त्यांनी औषधाचा पूर्ण कोर्स करायला सांगितला, तर मी तो अर्ध्यात सोडू देत नाही.

सोडलेला दोरा आम्ही परत बांधला नाही. उरलेल्या वेळात आधी एक बाजू गळती ठेवून दाखवायची, पातळी चढू द्यायची, आणि मग बघणाऱ्यालाच विचारायचं की बिघाड कुठे आहे. बहुतेक जण पाणी जिथे तुंबलंय त्या अलिंदावर बोट ठेवायचे. बिघाड त्याच्या खालच्या दाराशी असायचा.

पहिला नंबर ज्वालामुखीला गेला.