आधी अक्षर, मग उजेड

*“तुम्ही रात्री किंडलवर वाचता ना? लाइट किती ठेवता आणि पिवळा किती करता? माझे तर अर्ध्या तासात डोळे चुरचुरायला लागतात.”*

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझे आकडे आहेत ब्राइटनेस ५, पिवळेपणा १३ आणि बोल्ड २. पण ते तसेच्या तसे उचलून लावलेत तर बहुधा जमणार नाही. खोली वेगळी, डोळे वेगळे, चष्म्याचा नंबर वेगळा. उपयोगी आहे तो क्रम, आणि बहुतेकांचं घोडं तिथंच पेंड खातं. सगळे आधी पिवळा उजेड वाढवतात. अक्षराच्या जाडीकडे कुणी बघतच नाही.

दिवाळीत माझ्या वहिनीचं हेच झालं होतं. तिचं २०२१ चं किंडल पेपरव्हाइट. त्यात ब्राइटनेस आणि पिवळेपणा दोन्ही ० ते २४ पर्यंत जातात. तिनं पिवळेपणा शेवटच्या टोकाला नेऊन ठेवला होता, कारण ‘निळा प्रकाश वाईट’ असं कुठंतरी वाचलेलं. एवढा पिवळा केल्यावर पान कंदिलाखाली धरल्यासारखं मळकट दिसायला लागलं आणि अक्षरं फिकट वाटू लागली. म्हणून ब्राइटनेस १८ वर. मग ते डोळ्यांत घुसायला लागलं, म्हणून मशीन लांब धरलं. लांब धरलं म्हणून अक्षर लहान दिसायला लागलं. बोल्डची पट्टी मात्र शून्यावर. तिथं बोट कधी गेलंच नव्हतं.

इथं जरा आत शिरावं लागेल. फोनचा पडदा स्वतः उजेड फेकतो. किंडलसारख्या ई-रीडरचा पडदा तसा नाही. त्यात काळे-पांढरे रंगकण वरखाली होऊन अक्षर उमटतं, म्हणजे तो जवळजवळ छापील कागदच. दिवे असतात पडद्याच्या कडेला. त्यांचा उजेड वरच्या पातळ पारदर्शक थरातून पानभर पसरतो, पानावर पडतो आणि उलटून आपल्या डोळ्यांत येतो. तेव्हा ब्राइटनेस वाढवला की उजेड पांढऱ्यावरही वाढतो आणि काळ्यावरही. अक्षर जास्त काळं होत नाही, पान फक्त जास्त झगझगतं. दोघांमधलं प्रमाण तेवढंच राहतं. त्यातून ई-रीडरचं काळं हे चांगल्या छपाईइतकं काळं नसतंच, गडद राखाडी असतं.

मग उजेड वाढवल्यावर वाचायला सोपं जातं ते का? कारण मंद उजेडात आपल्या डोळ्यांना बारीक रेघा नीट पकडता येत नाहीत. तेव्हा दोनच मार्ग राहतात: उजेड वाढवा, नाहीतर रेघ जाड करा. दिवसा पहिला चालतो. अंथरुणात, अंधाऱ्या खोलीत, शेजारी कुणी झोपलेलं असताना दुसराच बरा.

म्हणून वहिनीकडे मी सुरुवात उलटी केली. खोलीतला मोठा दिवा घालवला आणि दहा मिनिटं आम्ही नुसत्या गप्पा मारल्या. ही दहा मिनिटं गाळू नका. ट्यूबलाइटमधून आल्या आल्या डोळे अंधाराला सरावलेले नसतात. त्या वेळी जो उजेड ‘बरोबर’ वाटतो, तोच नंतर हमखास जास्त होतो. मग पिवळेपणा शून्यावर आणला आणि ब्राइटनेस ८ वर. तिला अक्षरं लागेनात. पुस्तक उघडं ठेवून वरच्या बाजूला टिचकी मारली, `Aa` मध्ये `Font` उघडलं आणि `Bold` एकेक पायरी वाढवत गेलो. एकवर थोडा फरक पडला. दोनवर ती म्हणाली, “अगं, हे तर छापील पुस्तकासारखं दिसतंय.” तिथं थांबलो.

मराठी वाचणाऱ्यांनी मात्र इथं जरा दमानं घ्यावं. रोमन अक्षराला जाडी जितकी सोसते तितकी देवनागरीला सोसत नाही. आपल्याकडे शिरोरेघ आहे, वर मात्रा आणि अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षरांची दाटी. जाडी वाढली की अक्षरांच्या आतल्या मोकळ्या जागा भरत जातात. पारखायला माझा ठरलेला शब्द आहे ‘उद्ध्वस्त’. त्यातला ‘द्ध्व’ सुटा सुटा दिसतो तोवर जाडी ठीक. त्याचा काळा गोळा झाला की एक पायरी मागं या. उलट बाजू पारखायची तर घन-धन, भान-मान, घार-धार या जोड्या बघा. घ आणि ध, भ आणि म यांतला फरक शिरोरेघेपाशी एवढासाच असतो. अक्षर बारीक आणि उजेड मंद असला की आधी हाच हरवतो. आपण शब्द अंदाजानं वाचतो, वाक्य अडलं की मागं येतो, आणि डोळे दमले ते या मागं येण्यानं हे लक्षातही येत नाही. वहिनीची निम्मी तक्रार हीच निघाली. “एकच ओळ दोनदा वाचते गं.”

याच कारणानं मराठी पुस्तकाला आकार इंग्रजीपेक्षा एक पायरी मोठा आणि ओळींतलं अंतर जास्त ठेवते. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर टेकला की मजकूर नुसता दाट दिसतो, आणि दाट मजकूर रात्री आणखी दाट वाटतो. आकार वाढवल्यावर बोल्ड एक पायरी कमी करूनही भागतं का, तेही बघा. बऱ्याचदा भागतं.

अक्षर लागलं की मग उजेड उतरवायचा. तेही एकदम नाही. ८ वरून ७, एक पान वाचा. मग ६, आणखी एक पान. ज्या आकड्यावर कपाळाला आठी पडते त्याच्या वर एक पायरी, तो आपला. वहिनीचा ६ आला. उशीजवळ छोटा दिवा असेल तर आणखी एक खूण आहे: त्या दिव्याखाली साधा कागद धरा आणि शेजारी ई-रीडर. पान कागदाहून उजळ दिसत असेल तर उजेड जास्त आहे.

पिवळेपणा सगळ्यात शेवटी, आणि तो खोलीतल्या दिव्याच्या रंगाशी जुळवायचा. आत दोन जातींचे दिवे असतात, पांढरे आणि पिवळट. पट्टी सरकवली की एकांचा जोर कमी होतो, दुसऱ्यांचा वाढतो. पिवळ्या बल्बच्या खोलीत पांढरं पान निळसर टोचतं. ते टोचणं जिथं थांबतं तिथं आपणही थांबायचं. वहिनीला ते ११ वर थांबलं. टोकाला नेऊन पानाचा मळकटपणा ओढवून घ्यायचं कारण नाही. काही यंत्रांत कमी ब्राइटनेस आणि जास्त पिवळेपणा एकत्र आले की खालच्या कडेला एक डाग पिवळा, एक पांढरा असे पट्टेही उमटतात. माझ्या आधीच्या यंत्रात असेच यायचे.

“पण झोपेचं काय?” हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. २०१४ च्या डिसेंबरमध्ये बोस्टनच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला आणि सगळी धास्ती बऱ्याच अंशी तिथून पसरली. त्यात १२ जणांना पाच-पाच संध्याकाळी झोपण्याआधी चार-चार तास वाचायला लावलं होतं, एकदा छापील पुस्तक आणि एकदा उजेड फेकणारा पडदा. पडद्यावर वाचणाऱ्यांना झोप लागायला सरासरी दहा मिनिटं उशीर झाला आणि झोप आणणारं मेलॅटोनिन दबलेलं आढळलं. पण ते यंत्र होतं पूर्ण ब्राइटनेसवरचा आयपॅड. पाचवर ठेवलेला ई-रीडर अर्धा तास वाचणं ही वेगळीच गोष्ट आहे. निळा भाग कमी झालेला बराच, पण मुळात उजेड किती, हे आधी. चोवीसवरचा पिवळा दिवा पाचवरच्या पांढऱ्यापेक्षा भला, असं मी तरी म्हणणार नाही.

तुमच्याकडे साधं किंडल असेल तर त्यात पिवळा उजेड नसतोच. हळहळू नका, जाडीची पट्टी त्यातही आहे, आणि माझ्या मते मोठं काम तीच करते. स्कॅन केलेल्या पीडीएफला मात्र ती लागत नाही, कारण तिथं अक्षर नसतं, अक्षराचं चित्र असतं. जुनी मराठी पुस्तकं पुष्कळदा अशीच हाती येतात. त्यांत `Aa` मध्येच कॉन्ट्रास्ट वाढवायची सोय असते, तिनं थोडं निभावतं. मी ती पुस्तकं दिवसा वाचते.

सगळं जमलं की `Themes` मध्ये `Save Current Settings` करून ठेवा, म्हणजे फाँट, जाडी, ओळींतलं अंतर एका टिचकीत परत येतं. उजेड त्यात साठत नाही, तो वरून पट्टी ओढून आपणच लावायचा. पिवळेपणाला वेळ बांधून देता येते. तिथं सूर्यास्ताऐवजी स्वतःची वेळ घाला. डिसेंबरात आपल्याकडे सहालाच मावळतं, आणि संध्याकाळी ट्यूबलाइटखाली पिवळं पान बघून यंत्र बिघडलं की काय असं वाटतं.

डार्क मोड मी वापरत नाही. ज्यांच्या नंबरात सिलिंडर आहे त्यांना काळ्यावरची पांढरी अक्षरं पसरलेली, कडेला धूसर दिसू शकतात. वापरायचाच असेल तर बोल्ड उलट कमी करा. आणि हे सगळं करूनही अक्षर लागत नसेल तर पट्ट्या सोडा, चष्मा बघा. प्रोग्रेसिव्ह काचेत जवळचा नंबर खालच्या भागात असतो. उशीवर डोकं टेकलं की नजर नेमकी वरच्या भागातून जाते. मी रात्रीसाठी फक्त वाचायच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घेतलाय.

वहिनीचं आता बरं चाललंय. परवा फोनवर सांगत होती की बोल्ड दोनवरून एकवर आणलंय, तेवढ्यानंही भागतं. दादानं मात्र त्याच्या किंडलला मला हातसुद्धा लावू दिला नाही. त्याचा ब्राइटनेस २४, पिवळेपणा शून्य, आणि दुसऱ्या पानावर तो घोरायला लागतो.