कुसुम आणि मंगला एकच, हे बँकेला कोण सांगणार?

मुलीचं लग्न मार्गशीर्षात ठरलं आणि कमी पडणारी रक्कम 8 लाख निघाली. घर बडोद्यातल्या दांडिया बाजाराजवळचं, जुनं पण स्वतःचं. त्यामुळे 'घर असताना पर्सनल लोन कशाला घ्यायचं' हे यांचं वाक्य आमच्याकडे दोन दिवस चाललं. घर तारण ठेवलं तर 10 टक्के, पर्सनल लोनला 13.5 टक्के. साडेतीन टक्क्यांचा फरक कोण सोडेल?

बँकेतल्या मुलाने कागदावर दोनच आकडे लिहून दिले: पर्सनल लोनचा हप्ता 21,661, घरतारणाचा 10,572. निम्माच! खूश होऊन घरी आले, पोळ्या लाटता लाटता लक्षात आलं की पहिला 4 वर्षांचा आहे आणि दुसरा 10 वर्षांचा. गुणून पाहिलं. चार वर्षांत व्याज 2.40 लाख, दहा वर्षांत 4.69 लाख. स्वस्त दराने दुप्पट व्याज.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी घरतारणाचाही 4 वर्षांचा हप्ता मागितला. 20,290. आता तुलना सरळ झाली: व्याज 1.74 लाख, म्हणजे पर्सनल लोनपेक्षा साधारण 66,000 कमी. पण घरतारणाला सुरुवातीचा खर्च मोठा असतो: प्रोसेसिंग, त्यावर 18 टक्के जीएसटी, वकिलाचा शोध अहवाल, मूल्यांकन, गहाणखताचा स्टॅम्प. आम्हाला सगळं मिळून 32,000 सांगितलं. पर्सनल लोनला 2 टक्के आणि जीएसटी, म्हणजे 18,880. ते वजा करून हातात पडते ती रक्कम धरली की खरा दर कळतो. भाच्याने एक्सेलमध्ये हे लिहून दिलं:

```
=RATE(48,-21661,781120)*12
```

उत्तर 14.8 टक्के. घरतारणाला 781120 ऐवजी 768000 आणि 20290 घातलं की 12.2. साडेतीनचा फरक अडीचवर आला, पण रुपयांत अजून 50,000 च्या वर वाचत होते. (दहा वर्षांचं घरतारण याच सूत्राने 11 टक्के येतं, म्हणजे आणखी स्वस्त दिसतं. नुसत्या दरावर जाऊ नका, एकूण किती रुपये जाणार तेही बघा.) घरतारण घ्यायचं ठरलं आणि 5,900 रुपये लॉगिन फी भरली.

आता खरी गोष्ट.

घर आजेसासऱ्यांनी घेतलेलं. ते गेले, मग मामंजीही गेले, पण सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डवर अजून आजेसासऱ्यांचंच नाव. कुणाला कधी गरजच पडली नव्हती. कराची पावती यांच्या नावावर येते, वीजबिल यांच्या नावावर, म्हणून आम्ही समजत होतो घर यांचंच. बँकेच्या वकिलाने शोध घेतला आणि पहिल्याच पानावर विचारलं: वारसाई कुठे आहे?

पेढीनामा, म्हणजे वारसांची वंशावळ, करायला घेतला. मामंजींच्या बाजूने सासूबाई, हे आणि पुण्याच्या वन्सं. आजेसासऱ्यांची मुलगी म्हणजे आमच्या आत्याबाई, इंदूरला, वय 81. वन्सं आणि आत्याबाई दोघी हक्क सोडायला तयार. मला वाटलं, झालं. काही अवघड जाणार असेल तर वन्संच्या सहीत जाईल.

अडलं ते नावात. पेढीनाम्यात आजेसासऱ्यांची मुलगी 'कुसुम'. आत्याबाईंच्या आधारवर 'मंगला'. लग्नात नाव बदललेलं, आमच्या घरात यात विशेष काय? पण वकीलसाहेबांना आडनाव बदलतं एवढंच ठाऊक होतं. ते म्हणाले, "बेन, पहेलुं नाम पण बदलाय?" मी म्हटलं, आमच्यात तांदळात अंगठीने नाव लिहितात. त्यांनी लिहून घेतलं: 'कुसुम नावाच्या वारसाचा पत्ता नाही.'

आत्याबाईंना फोन केला. "अगं, दोन्ही मीच की," एवढंच म्हणाल्या आणि हसत सुटल्या. हसून काय होतंय! एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र इंदूरला करून पाठवलं. वकिलाने परत पाठवलं: जुना कागद हवा, ज्यावर दोन्ही नावं असतील. शाळेच्या दाखल्यावर फक्त कुसुम, रेशनकार्डावर फक्त मंगला. तीन आठवडे आम्ही एक कागद शोधत होतो. शेवटी आत्याबाईंच्या मुलाला ट्रंकेत 1966 ची लग्नपत्रिका सापडली, तिच्यात 'चि. सौ. कां. कुसुम' एवढंच. मंगला नाव तर लग्नानंतर पडलेलं, ते पत्रिकेत कसं येणार?

मग सुटलं कसं? आत्याबाईंच्या यजमानांचे निवृत्तीचे कागद निघाले, त्यात पत्नीचं नाव 'मंगला, पूर्वीचं कुसुम' असं कुणा शहाण्या कारकुनाने लिहून ठेवलं होतं. त्याला माझा साष्टांग नमस्कार. पण तोपर्यंत नऊ आठवडे गेले होते, वर वारसाईच्या नोटिशीचे तीस दिवस बाकी होते, आणि हॉलवाला उरलेले पैसे मागत होता.

मी घरतारणाचा अर्ज सोडला. लॉगिन फी आणि वकील-मूल्यांकन मिळून जवळजवळ 15,000 बुडाले. हे पैसे वाचवायचे असतील तर फी भरण्याआधी प्रॉपर्टी कार्डाचा उतारा काढा आणि नाव कुणाचं आहे ते बघा. नाव आजोबांचं असेल तर बँकेत जाण्याआधी वारसाई उरका.

पर्सनल लोन दोन दिवसांत झालं. तिथेही एक चकमक झाली: कर्जात हळूच विमा घातला होता. पकडला कसा, तर 'की फॅक्ट स्टेटमेंट'मध्ये. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 1 ऑक्टोबर 2024 पासून हा कागद किरकोळ कर्जांनाही द्यावाच लागतो, आणि त्यात एपीआर नावाचा दर असतो, फी आणि विम्यासारखा खर्च धरून. माझ्या भाच्याच्या आकड्याशी तो जुळेना. विमा काढायला लावला, मग 14.8 आला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

लग्न नीट पार पडलं. परवा, बारावा हप्ता गेल्यावर, प्रॉपर्टी कार्ड हातात आलं, सासूबाई आणि यांच्या नावाचं. त्याच आठवड्यात बँकेतून फोन: आता पर्सनल लोन फेडून घरतारणात वळवा, 10 टक्के! मी पाकीट उलटं करून हिशोब मांडला. शिल्लक 6.38 लाख, मुदतीआधी फेडल्याचा आमच्या करारातला दंड 4 टक्के आणि जीएसटी, म्हणजे 30,000. घरतारणाचा सुरुवातीचा खर्च पुन्हा जवळजवळ तेवढाच. उरलेल्या तीन वर्षांत वाचणारं व्याज साधारण 38,000.

"नको," म्हटलं आणि फोन ठेवला. हे अजून म्हणतात, घर असताना पर्सनल लोन कशाला.