साडेचार मिलिमीटर

यंदा जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत सोलापूरला आलो होतो. तेव्हा पुतण्या मला होटगी रोडवरच्या एका टायरच्या दुकानात घेऊन गेला. त्याला जीपला मोठी चाकं घालायची होती. दुकानदारानं एक रुंद टायर उभा करून पुढच्या चाकाशेजारी धरला आणि म्हणाला, "बसतंय की ओ! थोडं घासलं तर आतलं प्लास्टिक कापून देतो." पुतण्यानं माझ्याकडं पाहिलं. काका ऑस्ट्रेलियात वर्कशॉपमध्ये काम करतात, म्हणजे ते हो म्हणणार असं त्यानं धरलं होतं. मी त्याला तिथं काही बोललो नाही. घरी येऊन वहीवर एक हिशोब मांडून दाखवला. तो हिशोब मी स्वतः कसा शिकलो ते लिहितो, कारण गाडीला मोठी चाकं घातली तर चालतील का, असं विचारणारे मेसेज मला आणखी दोघातिघांकडून आलेत.

मी क्वीन्सलँडमध्ये तूवुम्बाला राहतो. गावाच्या पश्चिमेला डार्लिंग डाउन्स नावाचं पठार आहे. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा गाडी थांबवून खाली उतरलो होतो. मंगळवेढ्याच्या शिवारासारखी काळीभोर जमीन आणि तिच्यात नजर पोचेल तिथपर्यंत ज्वारी. ज्वारी इथली माणसं खात नाहीत, गुरांना घालतात, पण उभं पीक पाहून पोटात कालवलंच. पाऊस पडला की ही माती आपल्या पाणंदीसारखीच वागते, चाकाला चिकटून गोळे धरते आणि गाडी जागेवर फिरते. शेतावर जाऊन ट्रॅक्टर-हार्वेस्टर दुरुस्त करणं हे माझं काम. त्यामुळं मला फोर व्हील ड्राइव्ह गाडी हवी होती.

एक जुनी गाडी पसंत पडली. आधीच्या मालकानं ती छान सजवली होती. पुढं लोखंडी बुल बार, वर दिवे, आणि मोठी चाकं. इथं नोंदणी असलेली जुनी गाडी विकायची तर बहुतेक ठिकाणी मालकाला आधी सेफ्टी सर्टिफिकेट काढावं लागतं. तपासणी करणाऱ्या मेकॅनिकनं ड्रायव्हरचं दार उघडलं, दाराच्या खांबावरचा स्टिकर वाचला, मग टायरच्या बाजूवरचे आकडे वाचले आणि सांगितलं, हे टायर पास होणार नाहीत. बुल बारला मात्र त्यानं काही म्हटलं नाही. मला हे उलटंच वाटलं. समोर एवढं लोखंड लावलेलं चालतं आणि टायर चालत नाही?

स्टिकरवर कंपनीचा मूळ आकार होता, 265/65R17. गाडीला लावलेले टायर होते 285/70R17. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के टायरच्या भिंतीची उंची. शेवटचा रिमचा व्यास, इंचात. मूळ टायरची भिंत 265 चे 65 टक्के, म्हणजे 172.25 मिलिमीटर. भिंत वर एक आणि खाली एक, म्हणून दुप्पट, 344.5. रिम 17 इंच, म्हणजे 431.8. बेरीज 776.3 मिलिमीटर. हाच हिशोब लावलेल्या टायरचा केला तर 399 अधिक 431.8, एकूण 830.8. फरक 54.5 मिलिमीटर.

इथल्या नियमानं अशा ऑफ-रोड गाड्यांना कंपनीच्या टायरपेक्षा व्यासात 50 मिलिमीटरपर्यंत मोठा टायर मंजुरीशिवाय चालतो. साध्या कारला फक्त 15 मिलिमीटर. म्हणजे ही गाडी अडली ती साडेचार मिलिमीटरवर. गव्हाच्या दाण्याची लांबीही त्याहून थोडी जास्तच भरेल.

एवढ्याशा फरकानं काय बिघडतं, असं मी त्या मेकॅनिकला विचारलंच. त्यानं मला गाडी चालवून बघायला सांगितलं. विक्रेत्याला शेजारी बसवून हायवेवर गेलो आणि फोनवर जीपीएस लावलं. स्पीडोमीटरचा काटा 100 वर होता तेव्हा फोन 104 दाखवत होता. गाडीला आपला वेग मोजता येत नाही, तिला फक्त चाकाचे फेरे मोजता येतात. चाक सात टक्के मोठं झालं की प्रत्येक फेऱ्यात गाडी सात टक्के जास्त पुढं जाते आणि मीटरला त्याचा पत्ता नसतो. कंपन्या मीटर मुळातच थोडं जास्त दाखवणारं ठेवतात, कारण इथल्या नियमाप्रमाणं स्पीडोमीटरनं खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवता कामा नये. ती ठेवलेली थोडी जागा या टायरनं खाऊन टाकली होती आणि वर चार किलोमीटर उरले होते.

किलोमीटरचा आकडाही तसाच फसवतो. गाडी 10,700 किलोमीटर धावते तेव्हा मीटरवर साधारण 10,000 पडतात. म्हणजे ऑइल बदलायला उशीर होतो. जुनी गाडी घेणाऱ्यानं तर हे जरूर ध्यानात घ्यावं. मोठी चाकं दिसली की मीटरवरचा आकडा खऱ्यापेक्षा कमी समजावा.

ब्रेकचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ब्रेकची डिस्क तेवढीच राहते, पण चाकाची त्रिज्या वाढते. पेडल तेवढंच दाबलं तर रस्त्यावर मिळणारा रोध सुमारे साडेसहा टक्के घटतो. शिवाय असा टायर वजनानंही जड असतो आणि फिरतं जड चाक थांबवायला वेगळा जोर लागतो. रिकाम्या गाडीत हे जाणवत नाही. मागं अवजारं भरली, उतार लागला, की जाणवतं.

घासणं शोधायची रीत सोपी आहे आणि ती कुठल्याही गावात करता येते. सपाट जागेवर उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवून टायर लागत नाही म्हटल्यानं काही कळत नाही. पुढचं एक चाक ठोकळ्यावर किंवा दगडी पायरीवर चढवा, म्हणजे ते मडगार्डच्या आत दबेल. मग स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा. टायरच्या मागच्या बाजूचं आतलं प्लास्टिक बघा. तिथं चंद्रकोरीसारखा चकचकीत काळा पट्टा असेल तर चाक आधीपासून घासतंय. त्या गाडीत डाव्या बाजूला तो होता. होटगी रोडवरचा दुकानदार जे प्लास्टिक कापून देणार होता ते हेच. ते कापल्यानं खूण जाते, पण घासणं त्याच्यामागच्या पत्र्याला किंवा वायरिंगला जाऊन लागतं.

ती गाडी घ्यायची तर मला दोन वाटा होत्या. एक म्हणजे सरकारनं नेमलेल्या अप्रूव्ह्ड पर्सनकडून तपासणी करून घेणं. त्याला सारं मान्य झालं तर तो गाडीवर निळी मॉडिफिकेशन प्लेट लावतो आणि प्रमाणपत्र देतो. त्याची फी आपल्या खिशातून जाते आणि दुरुस्त्याही सांगितल्या जाऊ शकतात. दुसरी वाट टायर बदलायची. मी 265/70R17 घेतले. त्यांचा व्यास 802.8, मूळ टायरपेक्षा 26.5 मिलिमीटर जास्त. मर्यादेत बसले, घासणं थांबलं. वजन पेलण्याचा आकडा स्टिकरवरच्या किमान आकड्यापेक्षा कमी नाही हे बघितलं. स्टेपनीही त्याच मापाची घेतली. आणि काळ्या मातीत माझं काम ज्यानं सोपं झालं तो व्यास नव्हताच, टायरवरची खोल नक्षी होती. ती मूळ मापातही मिळते, आणि तिला कुठल्याच मंजुरीची गरज नाही. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

बुल बारचं कोडंही पुढं सुटलं. इथं संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून बार चालतो. पण तो त्या गाडीसाठी बनवलेला हवा, एअरबॅगच्या सेन्सरच्या कामात आड येणारा नको, धारदार कडा नकोत, दिवे आणि नंबर प्लेट झाकता कामा नये. मासे पकडायच्या गळाच्या काठ्या ठेवायला बारवर पुढं नळ्या लावल्या तरी तो बेकायदा ठरतो, कारण त्या पायी चालणाऱ्याला भोसकतात. आपल्याकडं 2017 च्या डिसेंबरमध्ये केंद्रानं राज्यांना पत्र पाठवून असे बार बेकायदा असल्याचं सांगितलंय, तेव्हा इथलं बघून तिथं लावू नका.

पुतण्याला मी आपला कायदाही सांगितला. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं की आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ माहितीशी विसंगत होईल असा बदल करायचा नाही. इंजिन बदलायचं, रंग बदलायचा, तर आधी आरटीओची परवानगी आणि बदल केल्यावर 14 दिवसांत कळवून आरसीवर नोंद. क्वीन्सलँडमध्येही कळवायची मुदत 14 दिवसांचीच आहे, फक्त रंगासाठी आधी परवानगी लागत नाही, आणि मूळच्यासारखंच इंजिन बसवलं तर नवा इंजिन नंबर कळवला की झालं. वेगळ्या ताकदीचं इंजिन घातलं तर मात्र तीच निळी प्लेट. आपल्याकडं 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडी कर्जावर असेल तर बदलाआधी कर्ज देणाऱ्याची लेखी संमतीही लागते. पुतण्याच्या जीपचे 31 हप्ते बाकी होते, आणि हे त्याला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंगणात जीपचं दार उघडून स्टिकर वाचत बसलेला दिसला. वहिनी शेंगाची चटणी कुटत होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, ह्याला कधी हिशोब करताना बघितला नव्हता." त्यानं तीन मापांची बेरीज वजाबाकी करून मला दाखवली. दोन ठिकाणी भिंतीची दुप्पट करायची राहिली होती, ती मी दुरुस्त केली. मूळ मापातच, खोल नक्षीचे चार टायर त्यानं मागवले. पाचवा, स्टेपनीचा, पुढच्या पगाराला घेणार आहे.