२७० रुपये खर्चाची मिरची पूड २५० ला का दिली: माझा अनुभव

भिवापूर तालुक्यात आमचं मिरची कांडपाचं छोटं युनिट आहे. पावसाळ्यात एका मेसवाल्याने ६०० किलो पूड मागितली, पण २५० रुपये भावानं. आमचा नेहमीचा भाव ३२०. भाव काढणं, नमुना पाठवणं लगेच झालं. अडलं ते हिशोबनिसाच्या ऑफिसात.

त्यांच्या कागदावर एकच आकडा होता, किलोला २७०. "ताई, किलोमागं २० रुपये तोटा आहे, सोडून द्या." मी विचारायची, २७० आले कुठून? उत्तर एकच, "एकूण खर्च भागिले किलो." हे ऐकून अजून चिडायला होतं, कारण त्या २७० मध्ये ४० रुपये शेडचं भाडं, मशीनवाल्याचा पगार आणि कर्जाच्या व्याजाचे होते. महिन्याचे ६०,००० भागिले आमची नेहमीची १,५०० किलो विक्री. ऑर्डर घेतली काय, सोडली काय, हे ६०,००० द्यायचेच. मग ते या ऑर्डरच्या माथी का मारायचे?

शेवटी मीच वही काढून फक्त या ऑर्डरमुळे वाढणारा खर्च लिहिला. घटीसकट मिरची १९०, वीज ६, किलोवर दिलेली मजुरी १४. नेहमीच्या पाकिटांना २० लागतात, इथे पोत्यात माल, म्हणून ५. गाडीभाडं ५. झाले २२०. म्हणजे २५० ला दिली तरी किलोमागे ३० रुपये उरतात. मिरचीचा भाव मात्र आजचा धरा, उन्हाळ्यात भरून ठेवली त्या दिवसाचा नाही. तीच मिरची आज विकली तर आजचाच भाव येतो.

खरी मेख रिकाम्या क्षमतेत होती. मशीन महिन्याला २,००० किलो काढते, म्हणजे जागा ५०० चीच. वरचे १०० किलो नेहमीच्या दुकानदारांचे कापून द्यावे लागले असते, आणि तिथे ३२० मधून २३० वाढता खर्च जाऊन आम्हाला किलोला ९० सुटतात. १८,००० मिळवायला ९,००० घालवायचे. म्हणून मी मेसवाल्याला सांगितलं, "५०० आत्ता, १०० पुढच्या महिन्यात." तो तयार झाला. त्या महिन्यात १५,००० जास्तीचे उरले, तेव्हा मला फार अभिमान वाटला.

उधारी आधी ठरवा. ५०० किलोत आपले १,१०,००० अडकतात. वर्षाला १२ टक्के व्याज धरलं तर दोन महिन्यांत २,२०० जातात. मी निम्मे आगाऊ घेतले. पोत्यांवर आमचं नाव छापलं नाही, कारण गावातल्या दुकानदाराला २५० कळले की तो ३२० देणार नाही. आणि हा भाव रिकाम्या महिन्यापुरता. नवी मिरची येऊन मशीन भरलेलं असताना याच ऑर्डरला मी ३१० च्या खाली उतरणार नाही: २२० वाढता खर्च आणि ९० सोडलेले.