कॅमेरा नुसता खाली ठेवून काकांचा दरारा येत नव्हता

जुन्या नाशकातल्या एका वाड्यात आम्ही लघुपट केला. प्रसंग साधा आहे. दिंडोरीची द्राक्षबाग विकायला मुलगा वडिलांची सही मागतो, वडील झोपाळ्यावर बसून नकार देतात आणि शेवटी सही करतात. पहिल्या अर्ध्या भागात वडिलांचा धाक खोलीभर जाणवायला हवा होता, आणि सहीच्या वेळी तोच माणूस एकटा पडलेला दिसायला हवा होता. वडिलांच्या भूमिकेत कालिदास कलामंदिरात वर्षानुवर्षं नाटकं केलेले एक काका होते. परवानगी, लाइट, आवाज हे सगळं बिनबोभाट झालं. अडलं ते काकांच्या धाकाच्या क्लोजअपला.

खोली चौदा फूट लांब, बारा फूट रुंद. झोपाळ्यामागे सहा फुटांवर भिंत, तिच्यावर पूर्वजांच्या तसबिरी. मला कॅमेरा काकांपासून सात फुटांवर हवा होता. समोरची भिंत आठ फुटांवर, म्हणजे कॅमेऱ्यामागे माणूस उभा राहायला जागाच नाही. समोरच्या दारातून, ओसरीत ट्रायपॉड लावून घेता आलं असतं, पण ओसरीला कुलूप होतं. वाड्याच्या वाटण्या झालेल्या, ओसरी भावकीतल्या दुसऱ्या वाटेकऱ्याकडे, आणि किल्ली घेऊन तो ‘निघालोच आहे’ असं सकाळपासून सांगत होता. दुपार झाली तरी माणूस आला नाही. आदल्या दिवशी फोनवर होकार देणाऱ्यानं असं अख्खं युनिट बसवून ठेवावं, याचा राग अजून गेलेला नाही.

तेवढ्यात सेटवर जो तो एकच सल्ला देत होता. ‘चोवीस मिलिमीटरची वाइड लेन्स लाव, कॅमेरा खाली घे, जवळ जा. खालून घेतलं की माणूस मोठाच दिसतो.’ हे वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकलंय की त्याचीच जास्त चीड येते. त्यात अंतराचा पत्ताच नसतो.

थांबलोच होतो, म्हणून सिनेमॅटोग्राफर मित्रानं आणि मी ते करूनच दाखवलं. आमचा कॅमेरा फुल फ्रेम. चोवीसच्या लेन्सनं डोकं-खांदे भरून फ्रेम हवी तर काकांपासून दोन फुटांवर जावं लागतं. झोपाळ्यावर बसलेल्या काकांचे डोळे जमिनीपासून पावणेचार फुटांवर. कॅमेरा त्याहून एक फूट खाली घेतला आणि चेहऱ्याकडे वर वळवला. मॉनिटरवर आधी हनुवटी आली, मग नाकपुड्या, आणि वर छत, पंखा, ट्यूबलाइट. धाक कुठेच नाही. काकांनी मॉनिटर पाहिला आणि म्हणाले, ‘अहो, हा माणूस घर विकायला काढेल, बाग कसली राखतोय!’

कारण सरळ आहे. दोन फुटांवरून एक फूट खाली गेलं की कॅमेरा सुमारे सव्वीस अंशांनी वर बघतो. तोच एक फूट सात फुटांवरून खाली गेलात तर फक्त आठ अंश. म्हणजे ‘कॅमेरा एक फूट खाली’ या बोलण्याला अंतर सांगितल्याशिवाय काही अर्थ नाही. नाकाचंही तेच. कान नाकापेक्षा साधारण पाच इंच मागे असतात. दोन फुटांवर हे पाच इंच फार मोठे, म्हणून नाक फुगतं आणि कान मागे पळतात. सात फुटांवर ते नगण्य, म्हणून चेहरा घट्ट आणि भारदस्त दिसतो. चेहरा लेन्स बिघडवत नाही, अंतर बिघडवतं. लेन्स फक्त त्या अंतरावरून किती भाग दाखवायचा ते ठरवते. त्यामुळे आधी कॅमेरा कुठे उभा राहणार ते ठरवा, लेन्स त्यानंतर निवडा.

तिसरी गोष्ट मागच्या भिंतीची, आणि मला सगळ्यात महत्त्वाची हीच वाटते. चोवीसनं दोन फुटांवरून घेतलं तर काकांमागची जवळजवळ बारा फूट भिंत दिसते, म्हणजे अख्खी खोली. पंच्याऐंशी मिलिमीटरच्या लेन्सनं सात फुटांवरून घेतलं तर काका फ्रेममध्ये तेवढेच, पण भिंत जेमतेम साडेपाच फूट. त्यामुळे तसबिरी मोठ्या होऊन थेट काकांच्या डोक्यामागे येतात. घराणं त्यांच्या पाठीशी उभं आहे हे संवादात सांगावं लागत नाही. शिवाय आठ अंशांत छत येत नाही आणि दाराच्या उभ्या चौकटी फारशा तिरक्या होत नाहीत. कोन जास्त झालाय का, हे चौकटीकडे बघून लगेच कळतं. त्या आत झुकायला लागल्या की प्रेक्षकाला माणसाआधी कॅमेरा दिसतो.

किल्ली अखेर आली. कुलूप उघडल्याबरोबर ट्रायपॉड ओसरीच्या उंबरठ्यावर, पंच्याऐंशीची लेन्स काकांपासून सात फुटांवर, उंची पावणेतीन फूट. काका काही न करता नुसते बघत राहिले आणि मॉनिटरभोवतीची कुजबुज बंद झाली. तो शॉट मला आजही अभिमानानं दाखवावासा वाटतो.

खालून घेतलं म्हणजे ताकद, हे एरवीही पक्कं नाही. 1941च्या ‘सिटिझन केन’मध्ये नायक निवडणूक हरल्यावरचा प्रसंग जमिनीलगतच्या कॅमेऱ्यानं घेतलाय. त्यासाठी फरशी खोदली होती. माणूस प्रचंड दिसतो आणि तरीही हरलेला दिसतो.

सहीचा शॉट पटकन झाला. इथे लोक कॅमेरा वर टांगून खाली वाकवतात. आम्ही वाकवला नाही. चोवीसची लेन्स, खोलीचा कोपरा, काकांपासून नऊ फूट, उंची सव्वापाच फूट, म्हणजे उभ्या मुलाच्या डोळ्यांइतकी. कॅमेरा लेव्हल लावून अगदी सरळ ठेवला. फ्रेमचा मध्य सव्वापाच फुटांवर, त्यामुळे बसलेले काका आपोआप खालच्या अर्ध्यात गेले आणि वर नुसती रिकामी जागा उरली. जी लेन्स जवळून चेहरा फुगवत होती, तिनंच लांबून माणूस लहान केला.

मुलाचं राहिलंच. काका बसलेले आणि मुलगा उभा असेल, तर काकांच्या नजरेतून घेतलेला मुलगा खालूनच दिसतो आणि पटकथेत नसलेली ताकद त्याला मिळते. म्हणून पहिल्या भागात आम्ही त्याला पाटावर बसवलं आणि सही मागताना उभं केलं.

आणखी दोन गोष्टी. पात्राला चष्मा असेल तर त्याच्या काचेत काय चमकतंय ते कॅमेऱ्याची उंची बदलली की पुन्हा तपासा. आमचा अर्धा तास त्या एका ट्यूबलाइटनं खाल्ला. आणि झोपाळा हलत असेल तर जवळून घेऊ नका. सहा इंचांचा झोका दोन फुटांवर चेहरा पाव हिश्श्यानं लहानमोठा करतो, सात फुटांवर तो जाणवतही नाही. पंच्याऐंशीला फोकस मात्र सुटतो, म्हणून आम्ही अ‍ॅपर्चर f/4 वर ठेवलं आणि काकांना पायाचा अंगठा जमिनीला टेकवून बसायला सांगितलं.