राजीनाम्यावरची तारीख

माझा पहिला राजीनामा साडेतीन पानांचा होता. 2 मे 2023 रोजी, महाराष्ट्र दिनाच्या सुटीनंतरच्या मंगळवारी, तो पाकिटात घालून मी कारखान्यात गेलो आणि संध्याकाळी तसाच परत घेऊन आलो. त्या दिवशी तो स्वीकारला गेला असता तर माझे नव्वद हजार रुपये बुडाले असते.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या औद्योगिक वसाहतीत धान्य चाळण्याची आणि वर चढवण्याची यंत्रे तयार करणारा एक कारखाना आहे. तिथे मी 16 जुलै 2018 पासून उत्पादन विभागात अभियंता होतो. सोडून जायचे कारण गावाकडचे होते. आमच्या पट्ट्यात तुरीची डाळ करणाऱ्या छोट्या गिरण्या गावोगाव आहेत. तुरीचे टरफल काढणाऱ्या रोलरवर एमरीच्या खड्याचा थर असतो, आणि तो मॅग्नेसाइट व मॅग्नेशियम क्लोराइडच्या मिश्रणाने लोखंडी नळकांड्यावर बसवलेला असतो. हा थर झिजला की गिरणीवाल्याला ते फार सांगावे लागत नाही. डाळीवर टरफलाचे तपकिरी डाग राहू लागतात, आणि ते काढण्यासाठी दाब वाढवला की डाळ फुटून चुणी वाढते. मग रोलर गाडीत टाकून दूरच्या शहरात पाठवायचा आणि ऐन हंगामात त्याची वाट पाहत बसायचे. हा थर गावातच नव्याने बसवून देणारे छोटे युनिट टाकावे, असे माझ्या मनात दोन वर्षे घोळत होते. माझ्या चुलतभावाची गिरणी आहे, त्यामुळे कामाची पहिली हमीही घरातच होती.

शेडचा भाडेकरार मी 1 जुलैपासून ठरवून टाकला होता आणि त्या हिशेबाने राजीनाम्यात 30 जून ही कामाची शेवटची तारीख लिहिली होती. पत्रातला बाकीचा मजकूर आज वाचला तर मला लाज वाटते. तीन वर्षांत न झालेली पगारवाढ, रद्द झालेल्या रजा, मी सुचवलेल्या सुधारणांचे श्रेय दुसऱ्याला गेले तो प्रसंग, आणि शेवटी माझ्या नियोजित उद्योगाचे सविस्तर वर्णन, अगदी रोलरचा व्यास आणि पहिल्या वर्षाच्या अपेक्षित मागणीसह, असे सगळे त्यात होते.

पत्र आधी एचआरमधल्या ज्येष्ठ लिपिकांना दाखवावे असे मला वाटले. त्यांना सगळा कारखाना भाऊ म्हणतो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पहिले पान वाचले, बाकीची नुसती उलटली आणि विचारले, "हे साहेबाले वाचाले देतं, का कोर्टात द्याचं हाये?" मी हसलो, पण ते हसले नाहीत. त्यांनी कपाटातून माझी फाइल काढली, नेमणूकपत्रावरची तारीख बोटाने दाखवली आणि म्हणाले, "सोळा जुलैले पाच वर्षं होते तुले. अन् तू तीस जूनले चालला. पंधरा दिवसांसाठी काहून पैसे सोडतं बाप्पा?"

ग्रॅच्युइटीचा नियम मला ऐकून माहीत होता, पण तो स्वतःच्या तारखांना लावून पाहिला नव्हता. तेव्हा लागू असलेल्या 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्यानुसार राजीनामा देऊन जाणाऱ्याला ही रक्कम मिळण्यासाठी सलग पाच वर्षांची सेवा लागत असे. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेला 26 ने भागायचे, 15 ने गुणायचे आणि सेवेच्या वर्षांनी पुन्हा गुणायचे. माझी बेरीज 31,200 होती. भागाकार 1,200 आला, पंधरा दिवसांचे 18,000 झाले आणि पाच वर्षांचे 90,000. भाऊंनी हे गणित माझ्याच पाकिटाच्या मागे पेन्सिलीने मांडले.

कुठल्याशा लेखात मी वाचले होते की चार वर्षे पूर्ण झाल्यावर पाचव्या वर्षात 240 दिवस भरले तरी चालते. तसे मी बोललो तेव्हा भाऊंनी ते खोडून काढले नाही. काही न्यायालयांनी कायद्यातल्या सलग सेवेच्या व्याख्येवरून तसा अर्थ लावलेला आहे. पण आमची कंपनी तो मानत नव्हती, आणि तो मानायला लावायचा तर ग्रॅच्युइटीचे वाद ऐकणाऱ्या नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून तारखा मोजत बसावे लागले असते. नवे युनिट उभे करणाऱ्या माणसाकडे तेवढा वेळ कुठला? भविष्य निर्वाह निधीचेही पंधरा दिवसांवरच अडले होते. सलग पाच वर्षे होण्याआधी तो काढला तर रकमेवर कर लागतो, आणि मी तर तो निधी काढूनच थराचे मिश्रण करायचा मिक्सर घ्यायचे योजले होते.

"मग शेवटची तारीख 31 जुलै करतो," मी म्हणालो. इथे भाऊंनी दाखवलेली गोष्ट मला कोणत्याही लेखात आढळली नव्हती. माझ्या नेमणूकपत्रात दोन महिन्यांची पूर्वसूचना किंवा तेवढ्या काळाचा पगार, असा पर्याय दोन्ही पक्षांना होता. म्हणजे मी मे महिन्यात पत्र दिले, तर कंपनी दुसऱ्याच दिवशी दोन महिन्यांचा पगार हातात ठेवून मला मोकळे करू शकत होती आणि माझी सेवा मे महिन्यातच संपली असती. पत्रात मी 31 जुलै लिहिले काय किंवा 31 डिसेंबर लिहिले काय, त्याने फरक पडला नसता. त्यातून मी स्पर्धक होणार असे स्वतःच्या अक्षरात लिहून दिल्यावर त्यांनी तसे करण्याची शक्यता वाढलीच असती. तात्पर्य, पाच वर्षे भरण्याआधी पत्र टेबलावर जाताच कामा नये.

मग मी अडीच महिने थांबलो. शेडमालकाला दोन महिन्यांचे सहा-सहा हजार भाडे फुकट गेले, आणि घरी रोज "देल्ला का राजीनामा?" हा प्रश्न ऐकावा लागला. पण हंगामाच्या दृष्टीने पाहिले तर फारसे बिघडत नव्हते, कारण नवी तूर बाजारात डिसेंबर-जानेवारीत येते आणि गिरणीवाले रोलरची डागडुजी दिवाळीच्या आसपास काढतात.

या थांबण्याच्या काळात मी नेमणूकपत्र पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचले. त्यात सेवा सोडल्यावर दोन वर्षे तत्सम व्यवसाय करू नये, अशी एक अट होती. मी ती घेऊन यवतमाळच्या एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी सांगितले की 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 नुसार व्यवसायाला प्रतिबंध करणारा करार निरर्थक ठरतो, त्यामुळे नोकरी संपल्यावर ही अट मला रोखू शकत नाही. मी सुटकेचा श्वास घेणार, तोच त्यांनी विचारले, "मोबाइलमध्ये कंपनीची ड्रॉइंग आहेत का?"

होती. चाळणीच्या चौकटीची, हॉपरची आणि बेअरिंगच्या बैठकीची अशी एकतीस ड्रॉइंग. त्यांतली बहुतेक मीच काढलेली असल्यामुळे ती माझी आहेत, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. वकीलबाईंनी ती मोडली. नोकरीच्या कामाचा भाग म्हणून काढलेल्या ड्रॉइंगचा हक्क, वेगळा करार नसेल तर, 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे मालकाचा असतो, आणि नोकरीत असताना पाळायची गुप्तता कलम 27 मुळे सुटत नाही. स्पर्धेची अट टिकत नाही म्हणून गाफील राहिलेला माणूस या दुसऱ्या बाजूने अडकतो, असे त्या म्हणाल्या. नोकरी चालू असताना स्वतःच्या नावाने उद्यम नोंदणी करू नका, कारण दुसरा व्यवसाय न करण्याची अट सेवाकाळात पूर्ण लागू असते, हेही त्यांनी बजावले.

ड्रॉइंग मी पुसून टाकली. रोलरसाठी त्यांचा तसाही उपयोग नव्हता, पण त्यांतल्या बेअरिंगच्या बैठकीचे माप मी डोळे मिटून वापरणार होतो. ते आता नव्याने काढायचे होते. एका रविवारी चुलतभावाच्या गिरणीतला झिजलेला रोलर आम्ही दोघांनी उतरवून पोत्यावर ठेवला आणि कॅलिपर लावला. एका टोकाला व्यास चार मिलिमीटरने कमी भरला. ही झीजच असणार असे गृहीत धरून मी वहीत लिहीतही होतो, तेव्हा चुलतभाऊ म्हणाला, "अरे, तो पयल्यापासूनच निमुळता हाये." त्याच्याकडे थर न झिजलेला सुटा रोलर होता. तो मोजला तेव्हा उतार अडीच मिलिमीटर निघाला, म्हणजे खरी झीज दीडच होती. कारखान्याच्या ड्रॉइंगवर विसंबलो असतो तर हे मोजणे मी केलेच नसते.

अखेर 17 जुलै 2023, सोमवार. आमच्याकडे पत्रव्यवहार इंग्रजीत चालतो, म्हणून पत्राचा मराठी अर्थ देतो:

"मी 16 जुलै 2018 पासून आपल्या कंपनीत उत्पादन अभियंता म्हणून कार्यरत आहे. स्वतःचा व्यवसाय सुरू करण्यासाठी मी या पदाचा राजीनामा देत आहे. नेमणूकपत्रातील अटीप्रमाणे आजपासून दोन महिन्यांची पूर्वसूचना देत असून 16 सप्टेंबर 2023 हा माझा कामाचा शेवटचा दिवस राहील. या काळात मी माझ्याकडील कामे, कागदपत्रे व उपकरणे यांची यादी करून सुपूर्त करीन. राजीनामा स्वीकारल्याचे व कार्यमुक्तीच्या तारखेचे लेखी पत्र मिळावे, तसेच देय ग्रॅच्युइटी व शिल्लक रजेचा हिशेब करावा, ही विनंती."

'वैयक्तिक कारणास्तव' लिहावे, असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला होता. मला ते पटले नाही. उद्या तालुक्यात माझ्या नावाची पाटी लागणारच होती, आणि खोटे कारण कागदावर ठेवून त्याच माणसांना बाजारात भेटायचे हे मला जमले नसते. मात्र व्यवसाय कोणता, यंत्र कोणते, ग्राहक कोण, हे सांगण्याचे बंधनही माझ्यावर नव्हते.

कारखानाप्रमुखांनी पत्र वाचले आणि न बोलता टेबलाच्या खणात टाकले. "नंतर पाहू, तुझ्या वाढीचं मी वर बोलतो." पूर्वी मी तेवढ्यावर बाहेर पडलो असतो. या वेळी दुसरी प्रत पुढे केली आणि पोच मागितली. ते किंचित चिडले, आवक विभागाकडे जा म्हणाले. आवकचा शिक्का भाऊंच्याच टेबलावर असतो. त्यांनी प्रतीवर क्रमांक घातला, तारीख दोनदा तपासली आणि शिक्का जरा जास्तच जोराने मारला. त्याच दुपारी मी तेच पत्र ईमेलनेही पाठवले, कारण खणातले पत्र खणातच राहिले तर पूर्वसूचना कधी सुरू झाली यावरून वाद होतो. स्वीकृतीचे पत्र नऊ दिवसांनी आले आणि त्यात 16 सप्टेंबर हीच तारीख होती.

शेवटच्या आठवड्यात 14 तारखेला पोळा होता, त्यामुळे निम्मा कारखाना सुटीवर होता आणि वस्तू ताब्यात द्यायला मला एकट्यालाच पुरेसा निवांतपणा मिळाला. लॅपटॉप, दोन मायक्रोमीटर, भांडाराच्या किल्ल्या आणि एकेचाळीस फोल्डर यांच्या यादीवर भांडारपालाची सही घेतली. शनिवारी बाहेर पडलो आणि सोमवारी उद्यम नोंदणी केली. ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून 30 दिवसांत द्यावी लागते. मी लेखी अर्ज आधीच दिला होता, म्हणून फोन करण्याची वेळ आली नाही. 11 ऑक्टोबरला खात्यात 90,000 जमा झाले आणि त्याच आठवड्यात मी वीजजोडणीची अनामत आणि मोटरची आगाऊ रक्कम भरली.

साडेतीन पानी पत्र अजून शेडमधल्या लोखंडी कपाटात आहे. पाकिटाच्या मागचे पेन्सिलीचे गणित अजून वाचता येते.