डावा कान कुणाचा?

आमची मांजर मोनी कशी दिसते असं विचारलं तर घरातला कुणीही म्हणेल, काळी-पांढरी. माणसांना तेवढं पुरतं. वर्णनावरून कार्टून काढून देणाऱ्या एआयला पुरत नाही. तो बहुतेक वेळा सगळ्यात ओळखीची काळी-पांढरी मांजर काढतो: अंग काळं, छाती पांढरी, चारही पंजे पांढरे, चेहऱ्याच्या दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या. दिसते गोड, पण ती मोनी नव्हे.

पांढरे पंजे आणि पांढरं पोट तर कितीतरी मांजरांना असतं. गर्भात रंग देणाऱ्या पेशी पाठीच्या बाजूने निघून खाली पसरत जातात आणि जिथे त्या पुरेशा पोहोचत नाहीत तिथले केस पांढरे राहतात. म्हणून वर्णनातला वेळ पंजांवर घालवू नये. ओळख असते ती चेहऱ्यावर काळं जिथे थांबतं त्या कडेत, आणि ही कड सहसा दोन्हीकडे सारखी नसते.

मोनीचा समोरून काढलेला फोटो पाहून मी असं लिहिते: "पांढरी मांजर. चित्रात उजवीकडचा कान काळा. तो काळा रंग त्याच बाजूच्या डोळ्याभोवती उतरून गालाच्या मध्यावर थांबतो. डावीकडे फक्त कान काळा, डोळ्याभोवती पांढरं. नाक गुलाबी, चित्रात त्याच्या डावीकडच्या कडेला एक काळा ठिपका. शेपूट टोकापर्यंत काळी."

आधी मूळ रंग, मग चट्टे, आणि प्रत्येक चट्टा कुठून कुठपर्यंत, ते डोळा-नाक-गालाच्या हिशेबाने. 'चित्रात उजवीकडचा' हे मुद्दाम, कारण आपल्याकडे बघणाऱ्या मांजरीचा डावा कान फोटोत उजवीकडे येतो. नुसतं 'डावा कान' म्हटलं की कुणाचा डावा, यावर सगळी मांजर उलटीपालटी होते. शेपटीबद्दल 'पांढरं टोक नको' असं लिहिण्यात धोका आहे. नको म्हटलेली गोष्ट पुष्कळदा चित्रात येऊन बसते. जे आहे तेच लिहावं.

उपमा तर टाळाव्यातच. पंजांना कौतुकाने पांढरे मोजे म्हणावं, तर चित्रातली मांजर खरोखरच विणलेले मोजे घालून उभी!

फोटोचीही थोडी उलटतपासणी करावी लागते. कडक उन्हात काळे केस तपकिरी दिसतात आणि कानाची सावली कपाळावर पडली की चट्टाच वाटते. वेगळ्या उजेडातल्या दुसऱ्या फोटोतही दिसला, तरच तो चट्टा धरायचा.

एवढं करूनही कार्टूनच्या जाड रेघांत बारीक खुणा बुडतात. नाकावरचा ठिपका 'मोठा, ठळक' असं लिहून मागितला तर कधी येतो, कधी नाकच काळं होतं. मग त्याच्यासाठी पुन्हा पुन्हा चित्र मागवत बसायचं नाही. कान, डोळा आणि शेपूट जमलेलं चित्र घ्यायचं आणि ठिपका आपल्या हाताने टेकवायचा.